डिलिव्हरी झाल्यावर बघू? : गरोदरपण, हिरड्यांतलं रक्त आणि दाताचा एक्स-रे

गरोदर बाई दात दाखवायला येते, तेव्हा बहुतेक वेळा घरच्यांचा निर्णय आधीच झालेला असतो. "मॅडम, आत्ता काही करू नका, दुखायची एखादी गोळी तेवढी द्या. बाकीचं डिलिव्हरी झाल्यावर बघू." हे कधी नवरा म्हणतो, कधी सासू, कधी ती स्वतःच. तालुक्याच्या गावात दातांचा दवाखाना चालवायला लागून मला एकोणीस वर्षं झाली. या काळात हे वाक्य किती वेळा ऐकलं त्याची मोजदाद नाही.

त्यामागची काळजी खरी आहे. पोटात बाळ आहे, मग सुई, भूल, औषध, एक्स-रे यांतलं काहीच त्याच्यापर्यंत जाऊ नये असं वाटणारच. पण किडलेल्या दाढेतले जंतू डिलिव्हरीची तारीख बघून थांबत नाहीत, आणि तोपर्यंत मेडिकलमधून आणलेल्या ज्या गोळ्यांवर दिवस काढले जातात, त्या गोळ्याच कित्येकदा उपचारापेक्षा जास्त धोक्याच्या असतात. आज मुख्यतः त्याबद्दल लिहायचं आहे. पण आधी हिरड्यांबद्दल, कारण सर्वांत जास्त बायका येतात त्या हिरड्यांतून रक्त येतं म्हणून.

साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून ब्रश करताना थुंकी गुलाबी दिसायला लागते. हिरड्या लालसर, फुगीर होतात, सफरचंद चावलं तरी त्यावर रक्ताचा डाग उमटतो. हा त्रास आठव्या महिन्यापर्यंत वाढत जातो आणि बाळंतपणानंतर हळूहळू ओसरतो. गरोदर बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींना तो कमी-अधिक प्रमाणात होतो. गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं खूप वाढतात. त्यांच्यामुळे हिरड्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि झिरपू लागतात. एरवी दातांच्या कडेला साचलेल्या जंतूंच्या थराला हिरडी थोडीशी लाल होऊन उत्तर देते. गरोदरपणात त्याच थरावर ती भडकून उठते. म्हणजे आग लावणारा तो थरच असतो, संप्रेरकं फक्त वारा घालतात. म्हणूनच ज्यांचं तोंड आधीपासून स्वच्छ असतं, त्यांना हा त्रास फार कमी होतो.

इथे हमखास उलटं घडतं. रक्त दिसलं की ब्रश बंद होतो, बोटाने पेस्ट लावणं सुरू होतं. मग थर वाढतो, रक्तही वाढतं. रक्त येतं त्या जागी ब्रश जायलाच हवा. मऊ ब्रश घ्या, हिरडी आणि दात जिथे भेटतात तिथे तिरका टेकवा, जोर न लावता लहान लहान हालचाली करा. सकाळी एकदा आणि रात्री झोपण्यापूर्वी एकदा, फ्लोराइड असलेल्या पेस्टने. आठ-दहा दिवसांत फरक दिसायला हवा. दिसला नाही, तर बहुधा थर कडक होऊन त्याचं किटण झालेलं असतं. ते ब्रशने निघत नाही, दवाखान्यात स्केलिंग करून काढावं लागतं. हे गरोदरपणात करता येतं. "साफ केल्याने दात हलतात" असं ऐकलं असेल. तसं होत नाही. किटणाने भरून गेलेली फट मोकळी झाली की जिभेला ती जाणवते, एवढंच.

काही जणींना दोन दातांच्या मध्ये हिरडीवर लालभडक, मऊ गाठ येते, बहुतेक वेळा वरच्या पुढच्या दातांपाशी. ती जरा लागली तरी रक्त येतं, आणि बघणाऱ्याच्या मनात लगेच कॅन्सर येतो. ही गरोदरपणातली ओळखीची, साधी गाठ असते आणि बाळंतपणानंतर बहुतेकदा आपोआप लहान होते. एकदा दाखवून मात्र घ्यावी. चावताना मध्ये येत असेल किंवा रक्त थांबतच नसेल, तर ती आधीही काढता येते.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट आहे, मिश्री. उलट्या होतात म्हणून, तोंडाला चव नाही म्हणून, हिरडी ठणकते म्हणून गरोदरपणातही बायका दिवसातून तीन-चार वेळा मिश्री लावतात. विचारलं तर "तंबाखू नाही खात, फक्त दात घासते" असं उत्तर मिळतं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि हिरडीतून तिचं निकोटिन सरळ रक्तात जातं. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हिरड्यांतलं रक्त कमी झाल्यासारखं दिसतं आणि बाईला वाटतं, मिश्रीने गुण आला. आत आजार तसाच पुढे सरकत असतो. मुंबईत बाराशेहून अधिक गरोदर स्त्रियांचा एक अभ्यास झाला होता, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या तंबाखू वापरणाऱ्या बायकांमध्ये बहुतेक जणी मिश्रीवाल्याच होत्या. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी सुमारे १०५ ग्रॅम कमी भरलं आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त निघालं.

हिरड्यांच्या आजारामुळे बाळ लवकर जन्मतं का, हे मला आता बऱ्याच जणी मोबाइलवर वाचून विचारतात. हिरड्यांचा जुना, खोलवरचा आजार असलेल्या स्त्रियांमध्ये अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं जास्त दिसतात, असं अनेक अभ्यासांत आढळलं आहे. पण मग गरोदरपणात हिरड्या साफ केल्या तर ती टळतात का? अमेरिकेत ८२३ स्त्रियांवर हे तपासलं गेलं आणि निष्कर्ष २००६ मध्ये आले. अर्ध्या जणींच्या हिरड्यांची खोल स्वच्छता गरोदरपणात केली, अर्ध्यांची बाळंतपणानंतर. लवकर बाळंत होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच राहिलं. त्यामुळे "स्केलिंग करा, बाळ पूर्ण दिवसांचं होईल" असं मी कुणाला सांगत नाही. मला त्या अभ्यासातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. हिरड्या सुधारल्या, आणि उपचार घेतलेल्या बायकांना किंवा त्यांच्या बाळांना त्या उपचाराने अपाय झाला नाही.

आता दाढेकडे वळू.

काही महिन्यांपूर्वी बाविसावा आठवडा चालू असलेली एक बाई सासूबाईंबरोबर आली. खालची डावी दाढ, बारा दिवसांचं दुखणं, शेवटच्या चार रात्री झोप नाही. एका दवाखान्यात तिला सांगितलं होतं, "गायनॅककडून लिहून आणा, मग हात लावू." तिकडे उत्तर मिळालं होतं, "दाताचं डिलिव्हरीनंतर." दोन्ही दारं बंद झाल्यावर मेडिकलमधून पाण्यात विरघळणारी गोळी आणली होती. ती घेतली की चार तास बरं वाटायचं, म्हणून दिवसाला दोन, कधी तीन. मी रिकामी पट्टी बघितली. केटोरोलॅक.

मला दाढेपेक्षा त्या पट्टीची काळजी जास्त वाटली. केटोरोलॅक, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक ही सगळी एकाच कुळातली औषधं. विसाव्या आठवड्यानंतर ती घेतली तर बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भाशयातलं पाणी कमी होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये याबद्दल स्पष्ट इशारा दिला. शेवटच्या तीन महिन्यांत आणखी एक धोका असतो: बाळाच्या हृदयाजवळची जी रक्तवाहिनी जन्मापर्यंत उघडी राहायला हवी, ती वेळेआधीच आकसू शकते. आणि आपल्याकडे पॅरासिटामॉलच्या नावाखाली ज्या जोडगोळ्या मिळतात, त्यांत यातलंच एखादं औषध मिसळलेलं असतं. पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. फक्त पॅरासिटामॉल असेल तर चालतं, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात. एक अपवाद लक्षात ठेवा. रक्तदाबाच्या भीतीने गायनॅकनी कमी डोसची अॅस्पिरिन सुरू केली असेल, तर ती दातासाठी स्वतःहून बंद करू नका, फक्त मला सांगा.

तिच्या गायनॅक डॉक्टरांना मी तिथूनच फोन केला. हा फोन मी परवानगी मागायला करत नाही. मला काही गोष्टी माहीत हव्या असतात: रक्तदाब कसा आहे, साखर कशी आहे, रक्त पातळ करणारं काही चालू आहे का, आणि पूर्ण विश्रांती सांगण्यासारखं काही घडलं आहे का. उत्तरं ठीक होती. गोळ्यांचं मी त्यांना सांगितलं, त्यांनी त्याच आठवड्यात सोनोग्राफी करून पाण्याचं प्रमाण बघायचं ठरवलं. (ते नीट निघालं.) चिठ्ठ्यांच्या फेऱ्यांत जे चार दिवस जातात, ते काम चार मिनिटांत झालं.

दाढेवर हलकं ठोकलं तरी ती कळवळत होती. गालाला सूज नव्हती, ताप नव्हता. पण मुळाशी काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही, म्हणून एक्स-रे हवा होता. "एक्स-रे" म्हटल्याबरोबर सासूबाई उठून उभ्या राहिल्या.

त्यांना जे सांगितलं ते इथेही सांगते. दाताच्या एका छोट्या एक्स-रेला साधारण ५ मायक्रोसिव्हर्ट इतका किरणोत्सर्ग लागतो. आकडा डोक्यात राहणार नाही, म्हणून तुलना करते. जमीन, भिंती, हवा, अन्न आणि आकाश यांतून जगातल्या सरासरी माणसाला दिवसाकाठी साडेसहा मायक्रोसिव्हर्टच्या आसपास मिळतच असतात. म्हणजे हा एक्स-रे घरात बसून काढलेल्या एका दिवसाइतकाही भरत नाही. मुंबईहून विमानाने दिल्लीला गेलं तरी जवळपास तेवढंच होतं, आणि विमानात पोटही त्यातून सुटत नाही. एक्स-रेच्या किरणांचा झोत मात्र गालावर रोखलेला असतो, जेमतेम एका वाटीच्या तोंडाएवढा. पोटाकडे तो जातच नाही. शरीरातून विखरून जे काही खालपर्यंत पोहोचेल, ते मिलीग्रे या मापाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी असतं. गर्भात व्यंग येणं किंवा गर्भपात होणं यांचा धोका ५० मिलीग्रेच्या खाली वाढलेला दिसत नाही. म्हणजे मध्ये निदान पाच हजार पटींचं अंतर आहे.

शिशाचा एप्रन मी तरीही अंगावर घालते. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये दातांच्या एक्स-रेसाठी एप्रनची गरज नाही असं सांगितलं आहे, गरोदर स्त्रियांसाठीसुद्धा. झोत नेमका असेल तर एप्रनने फारसा फरक पडत नाही. माझ्याकडे तो खुंटीवर आहे तो पेशंटच्या मनासाठी, आणि मनाचीही किंमत असते. मात्र एप्रन घातला म्हणून नको असलेले एक्स-रे काढायचे असं होत नाही. ज्या एक्स-रेने आज करायचा उपचार बदलणार नाही, तो गरोदरपणात मी काढत नाही. दुखत नसलेल्या अक्कलदाढेसाठी पूर्ण जबड्याचा एक्स-रे थांबू शकतो. जबड्याच्या थ्री-डी स्कॅनला किरणं बरीच जास्त लागतात, तोही शक्यतो बाळंतपणानंतर.

एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसली. नस मेलेली होती आणि जंतू हाडापर्यंत गेले होते. अशा दाढेला गोळीने बरं करता येत नाही. दुखणं दबतं, कारण तसंच राहतं. हाच संसर्ग जबड्याखाली उतरला तर गळ्याशी सूज येते, तोंड उघडत नाही, श्वास अडतो, आणि सहा महिन्यांच्या गरोदर बाईला मोठ्या दवाखान्यात पूर्ण भूल देऊन चिरा घ्यावा लागतो. "आत्ता काही नको" म्हणताना घरच्यांच्या डोळ्यांपुढे हे चित्र नसतं.

दाढ सुन्न करायला मी नेहमीचंच लिग्नोकेन वापरलं, थोड्या अॅड्रेनालिनसह. अॅड्रेनालिनचं नाव ऐकून लोक बिचकतात. त्याचं काम इतकंच की औषध दाढेभोवती टिकून राहावं, रक्तात पटकन पसरू नये, म्हणजे कमी औषधात भागतं. सुई टोचल्यावर आधी पिस्टन मागे ओढून बघायचा. रक्त आलं नाही, म्हणजे सुईचं टोक रक्तवाहिनीत नाही, मग औषध सावकाश सोडायचं. दहा मिनिटांत तिचा ओठ जड झाला. बारा दिवसांत पहिल्यांदाच दुखायचं थांबलं, आणि ती रडायला लागली. सासूबाई घाबरल्या. मी म्हटलं, "मावशी, बरं वाटतंय तिला."

खुर्ची मी पूर्ण आडवी केली नाही. विसाव्या आठवड्यानंतर उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्याजवळच्या मोठ्या शिरेवर पडतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. उजव्या कुशीखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून शरीर थोडं डावीकडे कललं की हे टळतं. तुमच्या दंतवैद्यांच्या लक्षात आलं नाही, तर तुम्ही बिनधास्त टॉवेल मागा.

त्या दिवशी दाढ उघडून आतली घाण काढली, मुळांच्या नळ्या धुऊन साफ केल्या, औषध भरून वरून तात्पुरतं सिमेंट लावलं. पाऊण तास लागला. घरी जाताना फक्त पॅरासिटामॉल लिहून दिली, तीही त्या रात्रीपुरती. अँटिबायोटिक दिलं नाही, कारण ना सूज होती ना ताप. गरज असती तर अॅमॉक्सिसिलिन देता आलं असतं, ते गरोदरपणात चालतं. टेट्रासायक्लिन आणि डॉक्सिसायक्लिन ही मात्र टाळायची, त्यांनी बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात. दहा दिवसांनी ती परत आली. मुळांची लांबी यंत्राने मोजली, त्यामुळे आणखी दोनच एक्स-रे लागले. रूट कॅनाल पूर्ण केलं आणि पक्कं सिमेंट भरलं. कॅप बाळंतपणानंतर बसवायची ठरली, कारण त्याची घाई नव्हती. थांबू शकतं ते थांबवायचं, एवढाच हिशेब. चौथा ते सहावा महिना उपचाराला सोयीचा, कारण मळमळ गेलेली असते आणि पोट फार मोठं नसतं. पण ठणकणारी किंवा सुजलेली दाढ पहिल्या महिन्यात असो की नवव्या, तिच्यावर त्याच दिवशी उपचार करायला हवा. गालावर किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड नीट न उघडणं, गिळताना त्रास यांतलं काहीही असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

सासूबाईंनी निघताना विचारलं, "बाळ आईच्या दातातलं कॅल्शियम ओढून घेतं ना? आमच्यात म्हणतात, प्रत्येक बाळंतपणाला एक दात जातो." तयार झालेल्या दातातलं कॅल्शियम असं परत रक्तात जात नाही. बाळाला लागतं ते आईच्या खाण्यातून, आणि कमी पडलं तर तिच्या हाडांतून येतं. दात जातात त्याची कारणं वेगळी. दिवसातून आठ वेळा थोडं थोडं गोड-आंबट खाल्लं जातं, उलटीतलं आम्ल दातांवर येतं, ब्रश तोंडात घातला की उमासे येतात म्हणून ब्रश राहतो, आणि दुखलं तरी नऊ महिने कुणी दाखवू देत नाही. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका, आम्लाने मऊ झालेला दातांचा वरचा थर घासला जातो. पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरा, ब्रश अर्ध्या-एक तासाने करा. उमासे येत असतील तर लहान मुलांचा छोटा ब्रश वापरून बघा.

एक प्रश्न राहिला. तो विचारायला जोडपी फार घाबरून येतात. दिवस गेल्याचं माहीत नसताना दाताचा एक्स-रे काढला, पंधरा दिवसांनी टेस्ट पॉझिटिव्ह आली, आता हा गर्भ ठेवायचा का? वर दिलेले आकडे त्यांनाही तसेच लागू आहेत, पहिल्या आठवड्यांतसुद्धा. दाताच्या एक्स-रेसाठी गर्भ पाडण्याचं काहीही कारण नाही. एक्स-रेची तारीख आणि किती काढले ते कागदावर लिहून गायनॅकना द्या, त्या फाइलला लावून ठेवतील, आणि ठरलेल्या दिवशी सोनोग्राफीला जा.